एका स्लॅबमागच्या सह्या

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी साइटवर एक ठरावीक चित्र असतं. फिटर सळया बांधून खाली उतरलेले असतात, सेंट्रिंगवाला प्लायवूडच्या फटींवर टेप चिकटवत असतो, इलेक्ट्रिशियनचा पोरगा पाइपात कापडाचे बोळे कोंबत असतो, आणि साइटवरचा सगळ्यात नवा इंजिनिअर ड्रॉइंगची घडी हातात धरून सळया मोजत फिरत असतो. बांधकामातल्या माझ्या नोकरीची सुरुवात अशाच एका संध्याकाळी झाली, असं मी मानतो. त्याआधी वर्षभर पगार घेत होतो, पण जबाबदारी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

या क्षेत्रात येणारी मुलं मला विचारतात, की साइट इंजिनिअर, मग सीनियर इंजिनिअर, मग प्रोजेक्ट मॅनेजर, या पायऱ्या चढताना नेमकं बदलतं काय? काँक्रीट तेच असतं, आयएस कोड, म्हणजे बांधकामाचं भारतीय मानक, तोच असतो. ते समजावायला मी एकच स्लॅब घेतो आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून बघायला सांगतो.

आधी सगळ्यात खालची खुर्ची. इमारत स्टिल्ट, म्हणजे पार्किंगसाठी मोकळा तळमजला, आणि वर नऊ मजल्यांची, मजल्यावर चार फ्लॅट, प्रत्येक फ्लॅटला पुढे काढलेली बाल्कनी. बाल्कनी म्हणजे इमारतीतून बाहेर आलेली फळीच. पुढच्या टोकाला तिला आधार नसतो. तिच्यावर वजन आलं की ती टोकाला खाली वाकू पाहते, आणि त्यामुळे तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही. ताणासाठी आपण सळई घालतो. म्हणून खोलीच्या स्लॅबची मुख्य सळई मधल्या भागात तळाशी असते आणि बाल्कनीची वरच्या बाजूला. एवढं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षीच शिकवलेलं असतं.

वरची सळई वर टिकते ती चेअरवर. चेअर म्हणजे सळईचा तुकडा वाकवून केलेला छोटा स्टूल. मी बाल्कनीत वाकून प्लायवूडपासून वरच्या सळईच्या तळापर्यंत टेप लावली. स्लॅब दीडशे मिलिमीटर जाड, वर वीस मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि दहा मिलिमीटरची सळई. म्हणजे टेपवर १२० यायला हवे होते. आले ८०. चेअर नव्हत्याच. फिटर येता-जाता सळयांवरून चालले होते आणि जाळी चार सेंटिमीटर खाली बसली होती.

हे चार सेंटिमीटर किरकोळ वाटतात. बाल्कनीच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर १२५ हवं होतं, ते ८५ झालं होतं. वाकण्याविरुद्धची ताकद साधारण याच अंतराच्या प्रमाणात असते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, बिल तेवढंच, आणि बाल्कनी दोन तृतीयांश. काँक्रीट पडल्यावर हे कोणालाही दिसणार नव्हतं. दिसलं असतं ते काही वर्षांनी, बाल्कनीच्या फरशीखाली, बीमला लागून जाणारी सरळ चीर म्हणून, आणि हळूहळू पुढे झुकणारी कड म्हणून.

मी सीनियरना फोन केला. पोर कार्डवर, म्हणजे स्लॅब भरण्याआधी ज्या कागदावर सेंट्रिंग, लोखंड, प्लंबिंग, वायरिंग तपासल्याच्या सह्या होतात त्यावर, लोखंडाच्या रकान्यात सही माझी व्हायची होती. मी ती केली नाही. पहिल्या पायरीची जबाबदारी एवढीच, पण ती पुरी असते: स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं नाही त्यावर सही नाही, आणि चुकलेलं दिसलं तर वर कळवायचं.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. सकाळी सहाला पंप येणार होता. सुमारे ७५ घनमीटर काँक्रीट, सहा घनमीटरचा एक ट्रक धरला तर तेरा खेपा. प्लांटची गाडी ठरलेली, पंचवीस माणसांची गँग ठरलेली. सीनियर आले, टेप स्वतः लावली आणि प्लांटला फोन करून पहिला ट्रक दहाला मागवला. मग दोन फिटरना लेबर कॅम्पमधून परत बोलावलं, भंगारातल्या दहाच्या तुकड्यांतून साठ चेअर वाकवून घेतल्या, आणि रात्री बारापर्यंत ते स्वतः तिथे उभे राहिले. सकाळी बाल्कनीवर चालायला फळ्या टाकल्या आणि एका माणसाला सांगितलं, की तुझं दिवसभराचं काम एवढंच, काँक्रीट पडताना ही जाळी खाली बसू द्यायची नाही. दुसऱ्या पायरीवर चूक दाखवून भागत नाही. काम किती थांबवायचं, कोणाला उठवायचं, चार तासांचा खर्च कोणाच्या माथी, हे तुम्हाला ठरवावं लागतं, आणि तेही पुरेशी माहिती हाती नसताना.

मला वाटलं होतं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सीनियरनी मला चहाच्या टपरीवर नेलं. तिथे फिटरचे मुकादम बसले होते, नांदेडकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. सीनियरनी विचारलं, "काका, चेअर का नव्हत्या?" त्यांनी सरळ उत्तर दिलं, "साहेब, चेअरचे पैसे कुठं मिळतात?"

हिशेब त्यांनी तोंडी करून दाखवला. फिटरला मजुरी मिळते वजनावर. किलोला आठ रुपये धरा. सोळाची लांब सळई उचलली, बांधली, की भराभर किलो चढतात. मीटरभर तुकड्याची एक चेअर भरते सहाशे ग्रॅमच्या आसपास. साठ चेअर म्हणजे सदतीस किलो, म्हणजे तीनशे रुपयेही पुरे नाहीत, आणि त्यासाठी दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. शिवाय भंगारातून केलेल्या म्हणून त्या बिलात धरल्याच जात नव्हत्या. त्या माणसाने आळस केला नव्हता. आम्ही त्याच्याशी केलेल्या करारानेच त्याला चेअर न करायला शिकवलं होतं.

माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीवर या संभाषणाचा परिणाम आहे. नवा इंजिनिअर चूक पकडतो. अनुभवी इंजिनिअर ती वेळेत दुरुस्त करून घेतो. पण ती चूक दर मजल्यावर पुन्हा का होते, हा प्रश्न ज्याच्या टेबलावर असतो तो प्रोजेक्ट मॅनेजर, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ड्रॉइंगमध्ये नसतं. ते दरपत्रकात असतं, बिलाच्या तारखेत असतं, लेबर कॅम्पच्या पाण्याच्या टाकीत असतं. पुढे माझ्या हातात करार लिहायचं काम आलं तेव्हा मी चेअरचा वेगळा आयटम टाकला, नगावर, मोजून पैसे. त्यानंतर चेअरसाठी मला ओरडावं लागलेलं आठवत नाही.

बिलाच्या तारखेचंही असंच. ठेकेदाराचं काम मोजून दर महिन्याला जे चालू बिल निघतं, ते तपासून सही करायला इंजिनिअर पंधरा-वीस दिवस लावतो, कारण त्याच्या लेखी ते कारकुनी काम असतं. इकडे मुकादमाला दर आठवड्याला मजुरांना खर्ची द्यावीच लागते. बिल अडलं की तो खर्ची कर्ज काढून देतो, किंवा कमी देतो. कमी दिली की चांगले कारागीर दुसऱ्या साइटवर जातात, उरतात ते नवखे, आणि पुढच्या स्लॅबला हनीकोंबिंग निघतं, म्हणजे काँक्रीट नीट न बसल्याने बीमच्या तळाला खडी उघडी दिसते. इंजिनिअर म्हणतो व्हायब्रेटर नीट मारला नाही. तेही खरंच असतं. पण व्हायब्रेटर नीट मारणारा माणूस तीन आठवड्यांपूर्वी बिलापायी गेलेला असतो.

आता तोच स्लॅब ऑफिसातून बघू. बांधकाम चालू असताना फ्लॅट घेणाऱ्या माणसाचे पैसे टप्प्याटप्प्याने मागितले जातात. महारेराच्या आदर्श करारनाम्यात हे टप्पे दिलेले आहेत: प्लिंथ, म्हणजे जोतं, पूर्ण होईपर्यंत एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे प्लिंथनंतर स्लॅबच्या वाट्याला २५ टक्के येतात, आणि ते सहसा स्लॅबच्या संख्येत विभागले जातात. आमच्या इमारतीला दहा स्लॅब, म्हणजे प्रत्येकी अडीच टक्के. फ्लॅट सत्तर लाखांचा धरला तर एका स्लॅबमागे पावणेदोन लाख. छत्तीसपैकी अठ्ठावीस फ्लॅट विकले गेले असतील, तर एक स्लॅब पडला की ४९ लाखांची मागणीपत्रं निघतात.

त्यामुळे साइटवर "स्लॅब कधी?" असं कोणी विचारतं तेव्हा तो प्रश्न काँक्रीटपुरता नसतो. विक्री विभागाला महिनाअखेर दिसत असते, मालकाला सिमेंटवाल्याची उधारी दिसत असते, आणि पलीकडे अठ्ठावीस घरांमध्ये बँकेचा पुढचा हप्ता सुटला की व्याज वाढणार असतं, घरभाडं चालूच असतं. हे सगळे रास्त आहेत. प्रोजेक्ट मॅनेजर या सगळ्यांच्या मध्ये उभा असतो, आणि स्लॅब खरंच भरण्याजोगा आहे का, हे सांगणारा तो शेवटचा माणूस असतो. बऱ्याच चांगल्या इंजिनिअरांना या जागी त्रास होतो, कारण त्यांना एकाच भाषेत बोलायची सवय असते. मालकाला "लॅप कमी पडतोय" सांगून उपयोग नसतो. "आज भरला तर हा भाग तोडावा लागू शकतो, त्याला तीन आठवडे लागतील, थांबलो तर दोन दिवस जातील," असं सांगितलं तर बहुतेक मालक ऐकतात. माझा अनुभव तरी असाच आहे.

दोन दिवस आणि तीन आठवडे यांचं वजन कसं काढायचं, तेही बघा. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे करारातल्या तारखेला ताबा दिला नाही, आणि ग्राहक प्रकल्पात राहायला तयार असेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज त्याला द्यावं लागतं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जासाठीच्या तिच्या मूळ दरापेक्षा, दोन टक्के जास्त असतो. हिशेबापुरता ११ टक्के धरू. सत्तर लाखांच्या फ्लॅटचे ४९ लाख भरलेल्या माणसाचं महिन्याचं व्याज पंचेचाळीस हजारांच्या आसपास होतं. अठ्ठावीस जणांचं मिळून साडेबारा लाख, दर महिन्याला. हा आकडा डोक्यात ठेवूनही "थांबा" म्हणता येणं, हे प्रोजेक्ट मॅनेजरच्या कामातलं सगळ्यात कठीण.

माझ्यावर ती वेळ सातव्या स्लॅबला आली, दुसऱ्या एका इमारतीत. ग्रेड एम ३०. आयएस ४५६ प्रमाणे पन्नास घनमीटरपर्यंत चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक पन्नासला किंवा त्याच्या भागाला एक जास्तीचा, म्हणून ७५ घनमीटरला पाच नमुने घेतले होते, आणि लवकर अंदाज यावा म्हणून सात दिवसांचे क्यूब वेगळे भरले होते. एम ३० म्हणजे दीडशे मिलिमीटरचा क्यूब २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसेल, असं काँक्रीट. सात दिवसांनी साधारण दोन तृतीयांश, म्हणजे वीसच्या आसपास येणं अपेक्षित असतं. चार नमुने बावीसच्या पुढे होते. पाचवा १५.८.

सात दिवसांचा आकडा नापास ठरवत नाही, निकाल अठ्ठाविसाव्या दिवसाचाच. त्यामुळे इथे मोह असा होतो, की बघू पुढे. पण एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचं आमचं चक्र तेरा दिवसांचं होतं. निकालाची वाट बघत काम चालू ठेवलं असतं, तर तो कळेपर्यंत त्या स्लॅबच्या डोक्यावर आणखी दोन स्लॅब बसले असते.

मी आधी नोंदवही मागवली. तो नमुना नवव्या ट्रकचा होता. चलानवर भरल्याची वेळ ११ वाजून १० मिनिटं, गाडी रिकामी झाली १ वाजून ४० मिनिटांनी. तयार काँक्रीटच्या मानकात, आयएस ४९२६ मध्ये, भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी करा असं म्हटलं आहे. हिला अडीच तास झाले होते. मुख्य रस्त्यावर एक ट्रक उलटला होता, तिथे ती अडकली. ऑपरेटरला विचारलं, तेव्हा त्याने मान्य केलं, की काँक्रीट पंपातून जाईना म्हणून ड्रममध्ये पाणी सोडलं. पाणी वाढलं की काँक्रीट वाहतं छान, पण जास्तीचं पाणी उडून गेल्यावर आत पोकळ्या उरतात आणि ताकद पडते.

आमच्या ज्युनियर मुलीने एक गोष्ट फार चोख केली होती. कोणत्या ट्रकचं काँक्रीट कोणत्या खणात, म्हणजे बीमांमधल्या कोणत्या चौकोनात, पडलं, ते तिने ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर रंगीत पेनाने काढून ठेवलं होतं. त्या एका कागदामुळे शंका दोन खण आणि तीन बीमपुरती राहिली. तो कागद नसता, तर अख्खा स्लॅब संशयित ठरला असता.

त्याच दुपारी मी तीन फोन केले. स्ट्रक्चरल डिझायनरना आकडे आणि जागा सांगितली. त्यांनी त्या खणांखालचे टेकू हलवू नका आणि पुढचा स्लॅब भरू नका असं लेखी कळवलं. प्लांटला कळवलं. आणि मालकांना सांगितलं, की पुढची मागणीपत्रं तीन-चार आठवडे निघणार नाहीत. ते पहिल्यांदा चिडले, "सात दिवसांच्या रिपोर्टवरून काम थांबवतोस?" मी म्हणालो, "सर, आज थांबलो तर एक स्लॅब तपासायचाय. नंतर थांबलो तर तीन." ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि हो म्हणाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी नमुना २४.६ आला, नापास. मग त्या खणांतून डिझायनरनी दाखवलेल्या जागी, सळई टाळून, तीन कोअर काढले. कोअर म्हणजे स्लॅबमधून यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. आयएस ४५६ सांगतो, की कोअरवरून काढलेली सरासरी ताकद ग्रेडच्या ८५ टक्के हवी, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम ३० साठी ते आकडे २५.५ आणि २२.५. आमचे आले २७.१, २६.४ आणि २५.८. सरासरी २६.४. स्लॅब वाचला. कोअरही पडले असते, तर त्या भागावर वजन ठेवून लोड टेस्ट, आणि त्यातही नापास झाला असता तर मजबुतीकरण किंवा तोडणं.

या सगळ्यात तांत्रिक भाग किती होता? पुस्तकाची दोन पानं. बाकीचं सगळं होतं ते वाईट बातमी त्याच दिवशी सांगणं, ऑपरेटरला खरं बोलायची भीती वाटणार नाही असं वातावरण आधीपासून ठेवणं, आणि त्या मुलीला रंगीत पेनाचा नाद करू देणं. ऑपरेटरवर मी ओरडलो असतो, तर पुढच्या वेळी पाणी कुठून आलं ते कळलंच नसतं. आम्ही नियम बदलला: दोन तास उलटलेला ट्रक गेटवरच थांबवायचा आणि परत पाठवायचा अधिकार ज्युनियरला, फोन न करता. परत गेलेल्या ट्रकचे पैसे कोण भरणार, हे प्लांटशी केलेल्या करारात लिहून घेतलं. ते लिहिलं नसतं, तर तो अधिकार कागदावरच राहिला असता.

आणखी वर गेलं की सह्या इमारतीच्या बाहेर जातात. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम रेराप्रमाणे वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए, तिघांची प्रमाणपत्रं लागतात. इंजिनिअर त्यात बांधकामावर किती खर्च झाला ते प्रमाणित करतो. तिथे "साधारण साठ टक्के झालं असेल" असं चालत नाही. जास्त दाखवलं तर पैसे कामाच्या आधी निघून जातात, आणि शेवटच्या मजल्याला, लिफ्टला, रंगाला काही उरत नाही. अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती काँक्रीटच्या चुकीने क्वचितच अडकतात. बहुतेक वेळा पैसे कामाच्या पुढे पळालेले असतात.

आणि ताबा दिला म्हणून सुटका होत नाही. कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत रचनेत, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला आणि ग्राहकाने तो कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. कायद्याच्या लेखी जबाबदार बिल्डर, पण फोन येतो तो आम्हाला.

मागच्या पावसाळ्यात असाच एक फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या आजी, ताबा घेऊन साडेतीन वर्षं झालेल्या. म्हणाल्या, "बाल्कनीच्या फरशीत चीर पडलीये, मी तिथे तुळशीची कुंडी ठेवते, बाल्कनी खाली येईल का हो?" मी संध्याकाळी गेलो. जाण्याआधी त्या स्लॅबची फाइल काढली. पोर कार्ड होतं, क्यूबचे रिपोर्ट होते, आणि प्रत्येक बाल्कनीत टेप लावून काढलेला फोटो होता, सळईच्या तळाशी १२०. चीर एका टाइलपुरती निघाली. टाइल काढून पाहिली, खालचा स्लॅब साबूत होता, टाइलखालचं मॉर्टर पोकळ राहिलं होतं. बीमलगतचा भागही उघडून बघितला, तिथे काही नव्हतं. आजींना तो फोटो मोबाइलवर दाखवला आणि टेपवरचा आकडा कसा वाचायचा ते समजावलं. मिस्त्री दुसऱ्या दिवशी टाइल बसवून आला. कुंडी तिथेच आहे.